रिटायमिंग: टूलवर सोडावं की स्वतः रजिस्टर हलवावं?

रिटायमिंग म्हणजे उत्तर न बदलता रजिस्टर लॉजिकच्या अलीकडे-पलीकडे सरकवून टप्प्यांचा वेळ वाटून घेणं. उद्यमबागेतल्या एका कारखान्यासाठी लेथची कंपनं मोजणारा एफपीजीए बोर्ड करताना मला ही निवड करावी लागली. खानापूरचा एक धाकटा मित्र सध्या याच वळणावर आहे. "दादा, टूल करतंय तर हातानं कशाला?" असं तो विचारतो. प्रश्न रास्तच आहे.

माझ्याकडे १६ गुणिले १६ बिटांचा गुणाकार होता. त्याचं उत्तर `prod_r` या ३२ बिटांच्या रजिस्टरात जायचं आणि पुढे मर्यादेशी तुलना व्हायची. पहिल्या टप्प्याला १२ नॅनोसेकंद लागत, दुसऱ्याला ४. क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे हातात १०. गुणाकाराच्या शेवटच्या बेरजेला अंदाजे ५ लागत होते. रजिस्टर त्या बेरजेच्या अलीकडे आणलं की ७ आणि ९ असे टप्पे होतात, आणि उत्तर पूर्वीच्याच क्लॉकला बाहेर येतं.

व्हिवाडो या टूलमध्ये `synth_design -retiming` दिलं आणि टायमिंग पहिल्याच फेरीत बसलं. मी खूश होतो. मग बोर्डावर चुकीचा इशारा येऊ लागला. `prod_r` बघायला गेलो तर त्या नावाचं रजिस्टरच उरलं नव्हतं. म्हणून त्यावर `mark_debug` लावलं. ही खूण लावलेलं रजिस्टर टूल हलवत नाही, त्यामुळे पुन्हा १२ नॅनोसेकंद. बघायला जावं तर टायमिंग मोडतं, टायमिंग सांभाळावं तर बघता येत नाही. दोन दिवस यातच गेले, आणि माझा निर्णय तिथंच झाला.

मग रजिस्टर मीच हलवलं:

```verilog
reg  [15:0] pp0, pp1, pp2, pp3;
wire [31:0] prod = pp0 + ((pp1 + pp2) << 8)
                 + (pp3 << 16);
```

३२ फ्लिपफ्लॉपचे ६४ झाले, पण चारही आंशिक गुणाकार नावानिशी दिसू लागले. इशाऱ्याची चूक मर्यादेच्या बाजूला निघाली. सिम्युलेशनमध्ये जुना `prod_r` आणि नवा `prod` दर क्लॉकला ताडून पाहावेत. रिसेटकडे खास लक्ष द्यावं: नव्या रजिस्टरांच्या रिसेट किमतींवरून निघणारा `prod` जुन्या रिसेट किमतीइतकाच यायला हवा. माझ्याकडे सगळी शून्यं होती, म्हणून सोपं गेलं.

टूलची बाजूही हलकी नाही. लांब, सरळ पाइपलाइन असेल आणि बिटांची रुंदी वारंवार बदलत असेल, तर शेवटी मोकळी रजिस्टरं ठेवून वाटणी टूलला करू द्यावी. हातानं दर वेळी नव्यानं मांडणी करावी लागते. ॲक्युम्युलेटरसारख्या, उत्तर परत आत जाणाऱ्या फेऱ्यात मात्र दोन्ही वाटा सारख्याच अडतात, कारण फेऱ्यातली रजिस्टरांची संख्या रिटायमिंगनं बदलत नाही. एकाच रजिस्टराच्या फेऱ्यात वाटणी करायला काही उरतच नाही.

मित्राचा बोर्ड अजून टेबलावर आहे, चुका निघायच्या आहेत. त्याला मी तरी हातानंच करायला सांगेन.