रात्री शीच्या जागी खाज: टॉर्च, चिकटपट्टी की थेट औषध?

मूल झोपल्यावर तासा-दोन तासांनी चुळबुळ करू लागतं, झोपेतच ढुंगण खाजवतं, मध्येच रडत उठतं आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. दिवसा खाज जवळजवळ नसते. वेळेचं हे गणितच सूतकृमींकडे बोट दाखवतं. पांढऱ्या सुती दोऱ्याच्या तुकड्यासारखे दिसणारे हे जंत आतड्यात राहतात. त्यांची मादी साधारण एक सेंटीमीटर लांब असते. मूल गाढ झोपलं की ती गुदद्वारातून बाहेर येते आणि भोवतीच्या कातडीवर हजारो अंडी चिकटवते. खाज त्याचीच असते. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, नखं तोंडात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. घातल्यापासून काही तासांतच ही अंडी लागण करण्याजोगी होतात. त्यामुळे मूल स्वतःच्याच अंड्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा लागण करून घेत राहतं.

आमच्या घरी हे झालं तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती, मुलगा आठ वर्षांचा, आणि नणंद गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात आमच्याकडे राहायला आली होती. त्यामुळे एकाच घरात दोन्ही मार्ग शेजारी शेजारी वापरावे लागले: आम्हा चौघांसाठी औषधाचा आणि नणंदेसाठी फक्त स्वच्छतेचा. पण त्याआधीचा प्रश्न ओळखण्याचा होता.

आधी खात्री कशी करायची

सगळ्यात सोपा उपाय टॉर्चचा. मूल झोपून दोन-तीन तास झाले की हलकेच पाय बाजूला करायचे, ढुंगणाच्या फटीत उजेड पाडायचा आणि मिनिटभर थांबून बघायचं. वळवळणारा पांढरा दोरा दिसला तर निदान झालं, दुसरी कुठलीच तपासणी लागत नाही. मात्र पहिल्या रात्री काही दिसलं नाही म्हणजे जंत नाहीत असं नव्हे, कारण मादी रोज बाहेर येईलच असं नाही. आम्हाला पहिल्या रात्री काही दिसलं नाही, दुसऱ्या रात्री दोन दिसले. न हलणारा पांढरा तंतू हा बऱ्याचदा कपड्याचा धागा असतो. तो ओल्या कापसाने उचलून उजेडात नीट पाहावा.

चिकटपट्टीची तपासणी टॉर्चपेक्षा किचकट आहे, पण जंत दिसत नसतानाही ती उत्तर देते. सकाळी मूल उठल्या उठल्या, शी आणि अंघोळ व्हायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टीची चिकट बाजू गुदद्वाराभोवती हलकी दाबायची आणि पट्टी काचपट्टीवर चिकटवून लॅबमध्ये द्यायची. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. एका सकाळच्या पट्टीत बरीच प्रकरणं निसटतात, म्हणून सलग तीन सकाळी घ्यायला सांगतात. पाण्याने धुऊन मग घेतलेली पट्टी बिनकामाची ठरते. अशी चूक घाईच्या सकाळी सहज होते.

शी तपासायला देणं हा बहुतेकांच्या मनात येणारा पहिला उपाय, आणि या जंतांसाठी तोच सर्वांत कमजोर आहे. अंडी आतड्यात नाही, बाहेरच्या कातडीवर घातली जातात, त्यामुळे शीच्या रिपोर्टमध्ये ती क्वचितच सापडतात. ‘शीत काही नाही’ असा रिपोर्ट हातात घेऊन कितीतरी पालक आठवडेच्या आठवडे निश्चिंत राहतात. मी स्वतः टॉर्चने सुरुवात करीन, तीन रात्री काही दिसलं नाही तर चिकटपट्टीकडे जाईन, आणि शीची तपासणी फक्त दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांनी मागितली तरच करीन.

झोपेत दात खाणं किंवा गोडाची ओढ यावरून जंत ठरवू नयेत. तो पुरावा नाही. गोड खाल्ल्याने हे जंत होतही नाहीत.

खाज आहे, पण जंत नसतील तर

जागा लालभडक असेल, लालीची कड स्पष्ट असेल आणि शी करताना मूल दुखतं म्हणून रडत असेल, तर ते स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा त्वचेचा संसर्ग असू शकतो. त्याला अँटिबायोटिक लागतं, जंताच्या गोळीने काही फरक पडत नाही. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावरही रात्री खाज येत असेल, घरातले इतरही खाजवत असतील, तर खरूज तपासून घ्यावी. शी कडक, वर रक्ताची रेघ, आणि खाजेपेक्षा दुखणं जास्त, असं असेल तर बद्धकोष्ठामुळे पडलेली चीर हे कारण जास्त संभवतं. सुगंधी ओल्या वाइप्सनी किंवा साबणानेही कातडी चिडते, पण ती खाज रात्रीची वेळ पाळत नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. मादी जंत कधी पुढे योनीकडे सरकतात. तिथे खाज किंवा आग, लघवीला जळजळ, किंवा बंद झालेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, असं दिसू शकतं. पालकांना वाटतं मूत्रसंसर्ग झाला. लघवी तपासावीच, पण त्या रात्री टॉर्चही लावून बघावा.

औषध की फक्त स्वच्छता

दोन वर्षांवरच्या मुलांसाठी सामान्यतः अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमचा किंवा मेबेंडाझोल 100 मिलिग्रॅमचा एकच डोस दिला जातो आणि बरोबर दोन आठवड्यांनी तोच पुन्हा. पायरँटेल हे तिसरं औषध वजनावर ठरतं. लहान मुलाला गोळी अख्खी गिळायला देऊ नये, कुस्करून पाण्यात द्यावी, म्हणजे घशात अडकत नाही.

सारा घोळ दुसऱ्या डोसवर होतो, म्हणून तो का लागतो हे समजून घेण्यासारखं आहे. औषध आतड्यातले जंत मारतं, अंडी मारत नाही. पहिल्या डोसच्या आसपास गिळलेली किंवा घरात उरलेली अंडी नंतर फुटतात आणि नवे जंत वाढू लागतात. ते अंडी घालण्याएवढे मोठे होण्याआधीच दुसरा डोस त्यांना गाठतो. पहिल्या डोसनंतर खाज थांबते आणि नेमकं तेव्हाच लोक दुसरा डोस विसरतात. आम्हीही विसरलो. शिवाय पहिल्या वेळी फक्त मुलीलाच औषध दिलं, कारण खाज तिलाच होती. पाच आठवड्यांनी रात्रीचं रडणं परत आलं. मग मुलाचीही चिकटपट्टी घेतली, तर तिच्यात अंडी सापडली, आणि त्याला एक दिवसही खाज आली नव्हती. पुष्कळांना लक्षणंच नसतात. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं असतं, ज्यांना काही होत नाही त्यांनीही.

दुसऱ्या खेपेला आम्ही चौघांनी एका शनिवारी रात्री डोस घेतला आणि चौदा दिवसांनंतरच्या शनिवारवर कॅलेंडरमध्ये लाल खूण केली. नणंदेला मात्र डॉक्टरांनी औषध नको सांगितलं, कारण गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ही औषधं टाळतात. तिच्यासाठी सहा आठवड्यांची स्वच्छता ठरली. आतड्यातला जंत साधारण तेवढेच दिवस जगतो. तेवढ्या काळात नवं अंडं तोंडात गेलं नाही, तर आहेत ते जंत आपोआप संपतात. औषध घेणाऱ्यांना हीच शिस्त दोन आठवडे पाळावी लागते, बिनऔषधाच्या मार्गात सहा. फरक इतकाच, पण तो मोठा आहे. एखाद्या सकाळी चूक झाली की सहा आठवड्यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पाच वर्षांच्या मुलीकडून सहा आठवडे नखं न खाण्याची शाश्वती मी देऊ शकले नसते. म्हणून ज्याला औषध चालतं त्याने ते घ्यावं, आणि बिनऔषधाचा मार्ग ज्यांना औषध देता येत नाही त्यांच्यासाठी राखावा, असं माझं मत आहे. त्यात तान्ही बाळं आणि गरोदर स्त्रिया येतात. दोन वर्षांखालच्या मुलाचा डोस आणि अंगावर पाजणाऱ्या आईचा निर्णय डॉक्टरांनीच करावा.

स्वच्छतेत नेमकं काय मोलाचं

घर चमकवण्यात लोक दमून जातात आणि मुख्य गोष्ट राहते. सर्वांत जास्त काम सकाळी ती जागा धुण्याने होतं. रात्री घातलेली अंडी उठल्या उठल्या पाण्याने धुऊन काढली तर ती चड्डीवर, चादरीवर, बोटांवर पसरण्याआधीच जातात. टबात बसवून नाही, वाहत्या पाण्याने. रात्री घट्ट चड्डी, सकाळी धुतल्यावर नवी. नखं अगदी मुळाशी कापलेली. शी करून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात, नखांखालीसुद्धा.

औषध घेतल्याच्या दुसऱ्या सकाळी चादरी, अभ्रे, झोपायचे कपडे, कापडी खेळणी एकदा गरम पाण्यात धुवावीत. चादर झटकू मात्र नये. झटकली की अंडी हवेत उडून जमिनीवर आणि टेबलावर बसतात, आणि तिथे ती दोन आठवडे जिवंत राहू शकतात. चादर गुंडाळून थेट बादलीत किंवा मशीनमध्ये टाकायची, आणि फरशी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसायची. दातांचा ब्रश झाकून ठेवावा आणि वापरण्याआधी धुवावा. पाळीव कुत्र्या-मांजरांना दोष देऊ नका, हे जंत माणसांतच राहतात.

औषधानंतर काही दिवस शीत मेलेले जंत दिसले किंवा थोडी खाज राहिली तर औषध फसलं असं समजू नये. दुसऱ्या डोसनंतरही रात्रीची खाज सुरू राहिली तर मात्र आधी पाहावं की कुणाचा डोस चुकला, कोणी वेगळ्या दिवशी घेतला, सोबत झोपणारं एखादं भावंड वगळलं गेलं का. सगळं बरोबर असेल तर पुन्हा औषध देण्याआधी चिकटपट्टी घ्यावी. खाजवून फुटलेल्या जागेतून पाणी किंवा पू येऊ लागला, ताप आला, पोटात सतत दुखू लागलं, तर त्यासाठी दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

आमचा दुसरा डोस वेळेवर गेला. नणंदेचे सहा आठवडे आमच्या सगळ्यांच्या दोन आठवड्यांपेक्षा जड गेले, कारण ती रोज पहाटे उठून आधी धुऊन मगच चहाला यायची. सातव्या आठवड्यात तिच्या आणि दोन्ही मुलांच्या तीन-तीन पट्ट्या तपासल्या. नऊही कोऱ्या निघाल्या.