आचारसंहितेच्या पानाचा फोटो ते ‘चालतं / चालत नाही’ तक्ता: टेसरॅक्टचा सात महिन्यांचा अनुभव

काम एकच, पण नेमकं. निवडणुकीच्या आदर्श आचारसंहितेच्या मराठी छापील पानाचा फोनवर फोटो काढायचा आणि त्यातून कार्यकर्त्याच्या हातात देता येईल असा दोन रकान्यांचा तक्ता करायचा: डावीकडे काय चालतं, उजवीकडे काय चालत नाही. अक्षरं ओळखण्यासाठी टेसरॅक्ट वापरलं. फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि मराठीची फाइल वेगळी बसवता येते. सात महिन्यांनंतरचं मत असं, की फोटो नीट असेल तर टेसरॅक्ट पास. तक्ता चुकतो तो बहुतेक वेळा पुढच्या टप्प्यावर, माणसाच्या हातून.

आधी फोटो. ए-फोर पानाची उंची ११.७ इंच. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू साधारण ४००० पिक्सेल असते, म्हणजे पानाने चौकट भरली तर इंचाला ३४० च्या आसपास पिक्सेल मिळतात. टेसरॅक्टला ३०० लागतात. तेच पान अर्ध्या चौकटीत घेतलं, की आकडा १७० वर येतो आणि अनुस्वार, रफार गळायला लागतात. फोटो दुसऱ्याकडून मागवायचा असेल तर व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवावा. साधा पाठवला की तो लहान होऊन येतो. फ्लॅश बंद, उजेड खिडकीचा आणि बाजूने. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाकडच्या झेरॉक्सच्या दुकानात ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत हाताची सावली नेमकी मधल्या चार ओळींवर पडते, हे आता पाठ झालंय.

लिनक्सवर पुढचं काम दोन ओळींचं. पहिली पान सरळ करते, दुसरी वाचते.

```
magick pan1.jpg -auto-orient -colorspace Gray -deskew 40% pan1.png
tesseract pan1.png pan1 -l mar --psm 6
```

`--psm 6` म्हणजे पान हा मजकुराचा एकच ठोकळा आहे असं धरून वाच. पुस्तिका द्विभाषिक असेल, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी, तर हाच आकडा घोळ करतो: आडव्या ओळी सलग वाचून दोन्ही भाषा एकमेकींत गुंफतो. तिथे मराठी भाग कापून घ्यावा, नाहीतर `--psm 3` वापरून बघावं.

आता खरी अडचण. मराठीत वाक्याचा निकाल शेवटी लागतो. ‘भिंतीवर घोषणा लिहू’ इथपर्यंत काहीच कळत नाही; पुढे ‘नये’ आहे की ‘शकतो’, त्यावर रकाना ठरतो. आणि पुस्तिका शिवलेली असेल तर डाव्या पानाच्या ओळींची शेपटं नेमकी शिवणीच्या वळणात जातात. ‘लिहू नये’मधलं ‘नये’ गेलं तर ‘लिहू’ लटकतं आणि चूक दिसते. ‘वापर करता येणार नाही’मधलं ‘नाही’ गेलं, की उरलेलं वाक्य व्याकरणाने धडधाकट असतं आणि बिनधास्त डाव्या रकान्यात जाऊन बसतं. शब्दतपासणीलाही ते सापडत नाही. म्हणून नकार मोजायचे:

```
grep -oE 'नये|नाही|मनाई|टाळ' pan1.txt | wc -l
```

हेच शब्द छापील पानावर बोट ठेवून मोजायचे. आकडे जुळले नाहीत तर पुढे जायचं नाही, शिवणीकडची बाजू काचेने दाबून फोटो पुन्हा काढायचा. ‘शिवाय’ आणि ‘विना’ मात्र वेगळे शोधावेत. हे नकार नाहीत, अटी आहेत.

दुसरी गफलत यादीची. सर्वसाधारण वर्तणुकीच्या भागात एक कलम आहे. मतदारांना लाच देणं, धमकावणं, तोतया मतदान, मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार, मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत जाहीर सभा, मतदारांची ने-आण: हे सगळं कटाक्षाने टाळावं असा त्याचा आशय. सहा गोष्टी आणि क्रियापद एकच. पान मध्येच संपलं आणि ‘टाळावं’ पुढच्या पानावर गेलं, तर पहिल्या फोटोत नुसती कृत्यांची यादी उरते, मनाईचा मागमूस नाही. उपाय सोपा आहे: तक्ता भरण्याआधी प्रत्येक गोष्टीमागे तिचं क्रियापद हाताने जोडायचं. सहा गोष्टी, सहा ओळी, प्रत्येकीपुढे कलमाचा क्रमांक. क्रमांक नसेल तर वाद झाल्यावर मूळ पानावर परत जाता येत नाही.

काही कलमं दोन्ही रकान्यांत जातात. इतर पक्षांवरची टीका धोरणं, कार्यक्रम, आधीची कामगिरी आणि काम एवढ्यापुरती ठेवावी. खाजगी आयुष्यावर टीका नको. इथे डावा आणि उजवा रकाना मूळ मजकूरच देतो. मतदारांना द्यायच्या चिठ्ठ्यांचंही तसंच: साध्या पांढऱ्या कागदावरची चिठ्ठी डावीकडे, चिन्ह, उमेदवाराचं नाव, पक्षाचं नाव या उजवीकडे तीन वेगळ्या ओळी. तिन्ही एका ओळीत कोंबल्या तर वाचणारा चिन्ह तेवढं काढतो आणि नाव ठेवतो.

अटीचं कलम घ्या. कुणाची जमीन, इमारत, कुंपणाची भिंत त्याच्या परवानगीशिवाय झेंडे, फलक, घोषणांसाठी वापरू देऊ नये. उजवीकडे ‘मालकाच्या परवानगीशिवाय भिंतीवर घोषणा लिहिणं’. डावीकडे ‘परवानगीने लिहिणं’ असं टाकायचा मोह होतो, आणि तो आवरावा. परवानगी नसेल तर मनाई आहे, एवढंच पान सांगतं. परवानगी असली की बाकी सगळे कायदे मोकळे होतात असं सांगत नाही. १०० मीटरचंही तेच. ‘१०० मीटरबाहेर प्रचार’ डावीकडे टाकला, की त्याच कलमातल्या ४८ तासांशी टक्कर होते, कारण तेव्हा जाहीर सभा १०० मीटरच काय, कुठेच घेता येत नाही. डावा रकाना रिकामा राहिला तर राहू द्यावा. तक्ता एका बाजूला कलंडलेला दिसतो, पण मूळ पानच तसं आहे.

प्रार्थनास्थळांच्या कलमावर नाशिकमध्ये हमखास प्रश्न येतो. मंदिर, मशीद, चर्च प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापरू नये, हे उजवीकडे. मग उमेदवाराने पंचवटीत दर्शनाला गेलेलं चालतं का? त्या कलमात दर्शनाचा उल्लेख नाही, म्हणून तक्त्यातही नाही. विचारणाऱ्याने निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारावं.

कर्तव्याची कलमं दोन रकान्यांत बसतच नाहीत, ही या साच्याची मोठी मर्यादा. सभेची जागा आणि वेळ स्थानिक पोलिसांना वेळेत कळवायची असते. ही मुभा नाही आणि मनाईही नाही. तिसरा रकाना काढला तर कागद आडवा धरावा लागतो आणि तो कुणी वाचत नाही. म्हणून उजवीकडे ‘पोलिसांना न कळवता सभा घेणं’ असं उलटवून लिहिलं आणि कलम क्रमांकापुढे फुली मारली, म्हणजे वाक्य मूळचं नाही हे कळावं.

एका पानाला तपासणीसकट पाऊण तास धरावा. त्यात टेसरॅक्टचा वाटा काही सेकंदांचा. लॅमिनेट केलेल्या पानावर मात्र ते वापरू नये. चकाकीखालची अक्षरं गाळून ते पुढची ओळ बिनदिक्कत जोडतं, आणि नकारांची मोजदाद नेमकी तिथेच चुकते.