तूरडाळीच्या पेजवर दोन हेडिंगची स्प्लिट टेस्ट : आठ महिने वापरून आलेला अनुभव

आमची लातूरला मामांची दालमिल आहे आणि मागच्या दोन वर्षांपासून ५ किलोचं तूरडाळीचं पॅक आम्ही स्वतःच्या वेबसाइटवरून विकतो, ऑनलाइनचं सगळं माझ्याकडे असतं. आठ महिन्यांपूर्वी वेबसाइटला स्प्लिट टेस्टचं ॲप जोडलं, म्हणजे येणाऱ्या निम्म्या लोकांना एक हेडिंग दिसतं, निम्म्यांना दुसरं, आणि कोणत्या बाजूला ऑर्डर जास्त येतात ते ॲप मोजतं. ॲप चालवायला सोपं आहे, अर्ध्या तासात टेस्ट सुरू होते, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण ते जो निकाल दाखवतं तो कधी खरा मानायचा हे कळायला मला चार महिने आणि एक चुकीचा निर्णय लागला, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

पहिली टेस्ट अशी होती. जुनं हेडिंग होतं 'लातूरची तूरडाळ, ५ किलो' आणि नवीन टाकलं 'चटकन शिजणारी लातूरची तूरडाळ, ५ किलो'. पेजवर रोज साधारण ४०० माणसं येतात आणि त्यातली ३ टक्के ऑर्डर देतात. पाचव्या दिवशी सकाळी ॲप उघडलं तर नवीन हेडिंगसमोर हिरवी पट्टी, '९५ टक्के खात्री, विजेता'. आकडे होते दोन्हीकडे ८०० माणसं, जुन्याला २२ ऑर्डर, नव्याला ३७. मामा शेजारीच बसले होते, म्हणाले, "हिरवं दिसायलंय ना, मग लावून टाक की, वाट कशाची बघायलास?" मलाही तेच वाटलं, टेस्ट बंद केली आणि नवं हेडिंग सगळ्यांना लावलं. चार आठवड्यांनी हिशोब केला तर ११,२०० माणसं आली होती आणि ऑर्डर ३३८, म्हणजे परत तेच ३ टक्के. साडेचार टक्के होतील म्हणून मामांनी पॅकिंगच्या पिशव्या जास्तीच्या मागवून ठेवल्या होत्या, त्या तशाच पडून राहिल्या, त्याचं मला फार वाईट वाटलं.

मग मी एक गोष्ट केली जी आता मी कोणालाही सगळ्यात आधी करायला सांगतो. दोन्ही बाजूंना तेच हेडिंग टाकलं, अक्षराचाही फरक नाही, आणि टेस्ट सुरू केली. नवव्या दिवशी ॲपने विजेता दाखवला! एकीकडे १,७९० माणसांत ४५ ऑर्डर, दुसरीकडे १,८१० माणसांत ६७. हेडिंग एकच, डाळ एकच, भाव एकच, आणि पट्टी हिरवी. तीन दिवसांनी ती हिरवी पट्टी आपोआप गेली आणि २८ दिवस पूर्ण झाले तेव्हा दोन्ही बाजू ३.० आणि ३.१ टक्क्यांवर येऊन थांबल्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

त्या ९५ टक्क्यांचा अर्थ 'नवं हेडिंग चांगलं असण्याची शक्यता ९५ टक्के' असा नाही. त्याचा अर्थ असा की दोन्ही हेडिंग अगदी सारखी असती तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने १०० पैकी ५ वेळा दिसला असता. आणि हे ५ तेव्हाच खरं जेव्हा तुम्ही आकडा फक्त एकदाच, आधी ठरवलेल्या दिवशी बघता. रोज बघितलं आणि ज्या दिवशी हिरवं झालं त्या दिवशी थांबवलं तर प्रत्येक बघणं ही फसायची नवी संधी असते. दहा वेळा बघून पहिल्या हिरव्याला थांबलात तर खोटा विजेता मिळायची शक्यता ५ वरून १९ टक्क्यांच्या आसपास जाते. सुरुवातीच्या दिवसांत ऑर्डरी थोड्या असतात म्हणून आकडे खूप वर-खाली होतात, दोन-चार माणसांनी एका बाजूला ऑर्डर टाकली की टक्केवारी उडी मारते, त्यामुळे हिरवी पट्टी बहुतेक वेळा सुरुवातीलाच दिसते आणि त्यात दिसणारा फरकही खऱ्यापेक्षा मोठा असतो.

तर आता मी टेस्ट सुरू करायच्या आधीच वहीत दोन गोष्टी लिहितो. पहिली, किती फरक पडला तर तो आमच्या कामाचा. माझं गणित असं की ३ चे ४ टक्के झाले तरच हेडिंग बदलून सगळीकडच्या जाहिराती, पिशवीवरचा मजकूर बदलण्यात अर्थ आहे. दुसरी, तेवढा फरक पकडायला प्रत्येक बाजूला किती माणसं लागतील. त्याचं ढोबळ सूत्र शीटमध्ये असं टाकतो, यात 0.035 म्हणजे ३ आणि ४ टक्क्यांची सरासरी, 0.965 म्हणजे उरलेले, आणि 0.01 म्हणजे पकडायचा एक टक्क्याचा फरक:

```
=16*0.035*0.965/0.01^2
```

उत्तर येतं ५,४०४. हे एका बाजूचं, म्हणजे दोन्ही मिळून १०,८०० च्या वर. यात गृहीत असं आहे की फरक खरोखर एक टक्क्याचा असेल तर १०० पैकी ८० वेळा तो टेस्टमध्ये दिसेल. रोजच्या ४०० माणसांच्या हिशोबाने २७ दिवस, मी पूर्ण चार आठवडे धरतो. आठवडे पूर्णच हवेत, कारण आमच्याकडे रविवारी येणारं गिऱ्हाईक वेगळं, मंगळवारचं वेगळं, आणि पगाराच्या आठवड्यात महिन्याचा किराणा भरणारी माणसं ५ किलोचं पॅक सरळ उचलतात, महिन्याच्या शेवटी तीच माणसं नुसतं बघून जातात. वेळ अमावस्येला तर आमच्या भागातलं अर्धं गिऱ्हाईक शेतात असतं. चार दिवसांत यातलं एकच कुठलं तरी गिऱ्हाईक भेटतं.

आणि एक लक्षात घ्या, फरक अर्धा पकडायचा ठरवला तर माणसं चौपट लागतात, कारण सूत्रात फरकाचा वर्ग आहे. म्हणून 'थोडा जरी फरक असला तरी कळायला पाहिजे' हा हट्ट छोट्या दुकानाला परवडत नाही.

या पद्धतीने 'चटकन शिजणारी'ची टेस्ट मी परत लावली. २८ दिवस, मध्ये ऑर्डरींकडे बघितलंच नाही. जुनं ५,६१२ माणसं, १७१ ऑर्डर, नवं ५,५८८ माणसं, १८७ ऑर्डर. म्हणजे ३.०५ आणि ३.३५. मामा म्हणाले "जास्तच हाय की", पण खरा फरक उणे ०.३५ पासून अधिक ०.९५ टक्क्यापर्यंत कुठेही असू शकतो असं हिशोबात आलं, म्हणजे नवं हेडिंग थोडं वाईटही असू शकतं. मी मामांना एवढंच सांगितलं की या टेस्टमधून निर्णय घेता येत नाही. जुनं हेडिंग ठेवलं.

तिसरी टेस्ट 'पॉलिश न केलेली लातूरची तूरडाळ, ५ किलो' या हेडिंगची. हे सुचलं कारण फोनवर गिऱ्हाईकं सारखं विचारायची, "डाळ पॉलिशची आहे का हो?" पण इथे वेगळीच भानगड झाली. मी नव्या बाजूला एक मोठा नक्षीदार फॉन्ट टाकला होता. दहाव्या दिवशी फक्त माणसांची संख्या बघितली (ही रोज बघायला हरकत नाही, उलट बघावीच, ऑर्डरी तेवढ्या बघायच्या नाहीत) तर जुन्याकडे २,१४० आणि नव्याकडे १,८६०. निम्मे-निम्मे वाटायला सांगितलं असताना २८० चा फरक? यासाठी माझा ठोकताळा असा, एकूण माणसांचं वर्गमूळ काढायचं आणि त्याची तिप्पट करायची. ४,००० चं वर्गमूळ ६३, तिप्पट १९०. फरक त्याहून जास्त म्हणजे वाटणीत किंवा मोजणीत काहीतरी बिघडलंय, आणि मग ऑर्डरींचा निकाल कितीही छान असला तरी टाकून द्यायचा.

शोधलं तर कारण सापडलं. ॲप माणसाला हेडिंग दिसल्यावर मोजत होतं आणि नव्या बाजूचं हेडिंग तो जड फॉन्ट उतरल्यावरच दिसायचं. औसा, निलंग्याकडच्या एखाद्या गावातून कमी रेंजवर पेज उघडणारा माणूस तोपर्यंत परत जायचा आणि मोजलाच जायचा नाही. जुन्या बाजूला मात्र तोच माणूस मोजला जाऊन ऑर्डर न देता गेलेल्यांत जमा व्हायचा. म्हणून नवी बाजू ४.८ टक्के दाखवत होती, त्यातली काही कमाई तर मोजणीच्या चुकीची. शिवाय फॉन्ट आणि शब्द दोन्ही बदलल्यावर कशाने फरक पडला हे कळणारच नव्हतं, ती चूक पूर्ण माझी. फॉन्ट काढला, माणूस पेजवर आल्या आल्या मोजला जाईल असं सेटिंग केलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.

यावेळी २८ दिवसांनी जुनं ५,५७४ माणसं, १६८ ऑर्डर, पॉलिश न केलेली ५,६२६ माणसं, २३१ ऑर्डर. ३.०१ आणि ४.११. वाटणी ५२ च्या फरकाने जवळजवळ सारखी, आठवडे पूर्ण, संख्या आधी ठरवलेली, आणि खरा फरक ०.४ ते १.८ टक्क्यांच्या मध्ये. हा निकाल मी मानला. हेडिंग लावून आता दोन महिने झालेत, ऑर्डरींचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर आहे. ४.११ नाही, पण टेस्ट जिंकणारा आकडा नंतर जरा खाली येतोच, आणि ३.७ म्हणजे जुन्यापेक्षा साधारण ०.७ ने जास्त, ते त्याच ०.४ ते १.८ च्या पट्ट्यात बसतं. मामांच्या त्या पिशव्या संपल्या.

ॲपबद्दल एकच मागणी, टेस्ट सुरू करताना संख्या आधी विचारा आणि ती भरेपर्यंत विजेत्याची पट्टी दाखवूच नका. आत्ता ते पहिल्या दिवसापासून रंग दाखवतं आणि समोर हिरवं दिसत असताना महिनाभर हात आवरायचा हे घरच्यांना समजावणं अवघड जातं.

आमच्या येसर मसाल्याच्या पेजवर मात्र मी टेस्ट लावली नाही. तिथे रोज ४० माणसं येतात, म्हणजे हाच हिशोब धरला तर नऊ महिने लागतील, तोवर मसाल्याचा हंगाम बदलून जाईल. तिथे मी मागच्या वीस गिऱ्हाइकांना फोन लावले. लातूर-धाराशिवची माणसं येसर म्हणतात, पुण्याकडच्या बऱ्याच जणांना तो शब्दच माहीत नव्हता, त्यांनी फोटो बघून काळा मसाला समजून घेतला होता. हेडिंगमध्ये दोन्ही शब्द टाकले आणि पुढच्या कामाला लागलो.