हृदयाच्या पानावरची ९ नंबरची रेषा : नामनिर्देशन सराव संच आठ महिने वापरल्यावर

बदलून मागवलेला संच काल आला आणि त्यातही ९ नंबरची रेषा तिथेच संपते. विक्रेत्याला पानाचा फोटो, पट्टी ठेवून घेतलेलं माप आणि चूक काय आहे ते चार ओळींत लिहून पाठवलं होतं. उत्तर आलं की पान फाटलेलं किंवा कोरं असेल तरच तक्रार धरली जाते. नंतर संच बदलून दिला, पण त्याच छपाईतला. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे, कारण संच वाईट नाही आणि ही चूक घरी दुरुस्त करता येते.

आठवी ते दहावीसाठीचा, आकृती छापलेली, नावांच्या जागा कोऱ्या आणि उत्तरं पानामागे, असा हा नेहमीचा संच. हृदयाच्या उभ्या छेदाचं पान त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं, आणि नेमकं तेच बिघडलेलं. उत्तरसूचीत ९ म्हणजे द्विदली झडप. पण रेषेचं टोक झडपेच्या पाकळीला टेकत नाही, तिच्या खाली ४ मिलिमीटरवर पोकळीत संपतं. ती पोकळी डाव्या निलयाची. मूल टोकाकडे बघून ‘डावे निलय’ लिहितं, आणि टोक जिथे आहे तिथलं ते अगदी बरोबर उत्तर आहे. पुढे १० नंबरची रेषा डाव्या निलयाच्या भिंतीवर येते. आता तेच नाव दुसऱ्यांदा आलं म्हणून मूल थबकतं आणि दोन्हींपैकी एक खोडतं. बहुतेक वेळा १० नंबरचं खोडलं जातं, तिथे ‘स्नायू’ किंवा ‘पडदा’ असं काहीतरी येतं. तपासताना दोन चुका दिसतात. मुलाची मात्र एकही नव्हती.

५ नंबरचंही असंच, उत्तर फुफ्फुस धमनी आणि टोक मात्र तिच्या कडेवर. फुफ्फुस धमनी महाधमनीच्या मुळाच्या पुढून वर जाते आणि महाधमनीची कमान तिच्या फाट्यावरून वळते, त्यामुळे या भागात दोन्ही वाहिन्यांच्या कडा एकमेकींना लागून असतात. टोक त्या सामायिक कडेवर थांबलं तर रेषा कोणाची, हे मोठ्यांनाही सांगता येणार नाही.

दुरुस्ती मूळ पानावर एकदाच करायची आणि मग झेरॉक्स काढायच्या. व्हाइटनरने रेषेचा शेवटचा सेंटीमीटर पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पट्टी लावून बारीक काळ्या पेनाने टोक पुढे न्या. भाग पोकळ असेल, म्हणजे अलिंद, निलय किंवा वाहिनीचा आतला भाग, तर टोक कडेपासून २-३ मिलिमीटर आत नेऊन तिथे छोटा ठिपका द्या. झडप किंवा पडदा असेल तर टोक त्या रेघेला टेकवून थांबवा, ठिपका नको, कारण ठिपका शेजारच्या पोकळीत सांडतो. बाणाचं डोकं काढू नका, रेषा एकमेकींवरून नेऊ नका. ५ नंबरसाठी टोक कडेवरून काढून फुफ्फुस धमनीच्या खोडात, फाटा फुटण्याच्या खाली आणा. व्हाइटनर ओला असताना पेन चालवलं तर रेघ फुटते आणि झेरॉक्समध्ये ती तुटक दिसते, तेवढं सांभाळा.

सुरुवातीला या संचाबद्दल आणखी एक तक्रार होती, ती आता मागे घेतो. पानाच्या तळाशी शब्दांची चौकट नाही. पहिले काही आठवडे मुलं अर्धं पान कोरं सोडत होती, त्यामुळे चौकट हवीच असं वाटायचं. तेव्हा प्रयोग म्हणून काही प्रतींवर हाताने शब्द लिहून दिले आणि पानं लगेच भरू लागली. पण आठवड्याने तीच आकृती चौकटीशिवाय दिली तर पुन्हा तितकंच कोरं. चौकट असली की मूल नाव आठवत नाही, समोरच्या यादीतून निवडतं, आणि शेवटची दोन-तीन नावं तर उरलेली म्हणून आपोआप जागेवर बसतात. परीक्षेत यादी मिळत नाही. कोरी जागा कोरीच राहू द्यावी, मागची उत्तरं बघून चुकलेलं नाव वेगळ्या रंगाने लिहावं, दुसऱ्या दिवशी फक्त तेवढ्याच जागा विचाराव्यात आणि पूर्ण पान पुन्हा आठवड्याने द्यावं. एका दिवसात तेच पान तीनदा भरून घेण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

नंबर मात्र बदलले पाहिजेत. महिन्याभरात मुलांना ‘७ म्हणजे त्रिदली झडप’ असं पाठ होतं आणि आकृतीकडे बघायची गरजच उरत नाही. हे ओळखायला सोपं आहे : आकृती झाकून विचारा, ‘७ काय?’ मूल लगेच बोललं तर त्याने झडप नव्हे, आकडा शिकला आहे. मूळ पानाच्या तीन झेरॉक्स घ्या, प्रत्येकीवर आकडे झाकून वेगळ्या क्रमाने लिहा, एकीवर खालून वर, एकीवर उलट फेरीने, एकीवर कसेही. आकृती आरशासारखी उलटी मात्र करू नका. हृदयाची उजवी-डावी बाजू बदलली की आकृतीच चुकते.

उजव्या-डाव्याचा घोळ तसाही होतोच, कारण समोरच्या माणसाची उजवी बाजू पानाच्या डावीकडे येते. तपासताना एक लक्षात ठेवा. सगळी ‘उजवे’ आणि सगळी ‘डावे’ नेमकी अदलाबदल झालेली असतील तर ती सहा चुका नाहीत, एकच आहे, आणि तिला उत्तर पाठांतर नाही. इथे हा संच मनापासून आवडला, कारण डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा स्पष्ट जाड काढली आहे. डावे निलय रक्त सगळ्या शरीरात ढकलतं, उजवं फक्त फुफ्फुसांपर्यंत. मुलाला आधी जाड भिंत शोधायला लावा, ती सापडली की तिथे ‘डावे’, आणि बाकीची नावं तिथून मांडायची. स्वस्त पानांवर दोन्ही भिंती सारख्याच जाड दिसतात, तिथे ही खूण हरवते.

नावांबद्दल एक सूचना पालकांसाठी. जुन्या पुस्तकांत शिकलेले कर्णिका आणि जवनिका म्हणतात, या संचात अलिंद आणि निलय आहे. शाळेच्या पुस्तकात जो शब्द असेल तोच घरी वापरा, नाहीतर मूल एका पानावर दोन्ही मिसळतं.

खर्चाचं म्हणाल तर मूळ पानं जपून ठेवायची आणि झेरॉक्सवरच काम करायचं. एकट्या मुलासाठी पान पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून वर व्हाइटबोर्डच्या मार्करने लिहिता येतं, ओल्या फडक्याने पुसलं जातं. पण मार्करची निब जाड असते, झडपांजवळच्या जागांत अक्षर मावत नाही, तिथे बारीक निबचाच घ्या. आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढू नका, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत झडपेच्या बारीक पाकळ्या आणि रेषांची टोकंच आधी पुसट होतात.

या संचाने आकृती काढायला येत नाही. ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ असा प्रश्न असेल तर बाह्यरेषा कोऱ्या कागदावर वेगळी गिरवावी लागते, इथे ती आयती मिळते.

दुकानात घेणार असाल तर हृदयाचं पान उघडा, झडपांच्या रेषांच्या टोकांवर पेन्सिल टेकवा आणि मागच्या उत्तराशी ताडून बघा. टोक पोकळीत असेल आणि उत्तर झडप असेल, तर ती हीच छपाई आहे.