डिशवॉशरच्या तळाशी पाणी साचलंय: व्हिनेगर, हाताने सफाई की मेकॅनिक?

फिल्टर काढल्यावर खालच्या खळग्यात थोडं स्वच्छ पाणी दिसलं, तर ते तसंच राहू द्या. रबरी सील वाळू नये म्हणून ते असतंच. गढूळ, तेलकट पाणी जाळीच्या वर आलं असेल आणि दार उघडताच आंबूस वास येत असेल, तरच पुढचं वाचा.

बहुतेक जण आधी व्हिनेगरकडे वळतात. वरच्या रॅकमध्ये वाटीभर व्हिनेगर ठेवून रिकामं मशीन गरम प्रोग्रॅमवर चालवलं की चिकटलेल्या तेलाचा वास बराच कमी होतो. पण पाणी तुंबलं असेल तर त्याचा काही उपयोग नाही, कारण लिंबाची बी व्हिनेगरने विरघळत नाही. सोबत खायचा सोडा घातला तर फेस छान येतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात. सिंकमध्ये टाकायची ड्रेन पावडर मात्र इथे अजिबात नको. ती रबर खाते, आणि निचराच बंद असल्याने ते जहाल पाणी तळाशीच राहतं. त्यात पुढे हात तुम्हालाच घालायचा असतो.

माझं मत हाताने सफाईच्या बाजूने आहे. प्लग काढा, मगने आणि स्पंजने पाणी उपसा. फिल्टर डावीकडे फिरवून उचला, खालची सपाट जाळीही काढा आणि दोन्ही जुन्या टूथब्रशने धुवा. मोहरी, कढीपत्त्याचे देठ, बरणीच्या लेबलचा लगदा तिथेच सापडतो. मग खळग्याच्या कडेचं पंपाचं झाकण काढून आतली छोटी चक्री चमच्याच्या दांड्याने फिरवून बघा. ती अडखळत, झटके देत फिरते. आत चुंबक असल्याने ते ठीकच आहे. मुळीच हलत नसेल तर काहीतरी अडकलंय. जाड हातमोजे घाला, कारण तो बऱ्याचदा फुटलेल्या ग्लासचा तुकडा असतो.

एवढं करूनही पाणी साचतंय? एका मैत्रिणीकडे असंच झालं. फिल्टर लखलखीत, चक्री मोकळी, तरी तळ भरलेला. सिंकखालची निचऱ्याची नळी सोडवून बादलीत धरली आणि ड्रेन प्रोग्रॅम लावला, तर पाणी धो धो आलं. म्हणजे मशीन ठीक होतं, तुंबला होता सिंकचा पाइप, आणि त्यातली घाण उलटी मशीनमध्ये येत होती. हा प्रयोग करताना नळीचं तोंड ओट्याच्या उंचीवर धरा. जमिनीवर टाकली तर पाणी आपोआप ओघळतं आणि पंप चालतोय की नाही ते कळत नाही. पाइप साफ झाल्यावर नळी परत जोडताना तिचा मधला भाग ओट्याच्या खालच्या बाजूला उंच बांधून टाका.

मेकॅनिकला बोलवा ते बादलीत पाणी आलंच नाही तर, आणि तेही नळी मागे कुठे चेपली नाही ना हे बघून. पंप नुसताच घुमतो की त्याचा आवाजच नाही, हे फोनवरच सांगा, म्हणजे तो पंप सोबत घेऊनच येईल.