सैल झालेली खालची कवळी: थर खुर्चीतच लावून घ्यावा की लॅबमधून?

पूर्ण कवळी वापरणाऱ्यांची पहिली तक्रार बहुतेक वेळा खालच्या कवळीची असते. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार असतो, खालचीला फक्त हिरडीची एक अरुंद कड. त्यात दात गेल्यावर हाड झिजत राहतं. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या 25 वर्षांच्या पाठपुराव्यात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट आढळली होती. कवळी तीच राहते, खालची हिरडी बसत जाते, आणि मधे पोकळी होते. मग वांग्याच्या भाजीतली एक बी आत शिरली तरी जेवण थांबवून कवळी धुवायला उठावं लागतं.

अशा वेळी तालुक्याच्या दवाखान्यात दोन पर्याय पुढे येतात. एक, डॉक्टर तिथल्या तिथे आतून थर लावतात आणि तासाभरात कवळी हातात देतात. दुसरा, कवळीतच माप घेऊन ती अमरावतीला किंवा नागपूरला लॅबमध्ये जाते आणि थर तिथे शिजवून लावला जातो. खालच्या कवळीला दोन्ही प्रकारचे थर मी वापरले आहेत. माझा कल लॅबकडे आहे, पण तो सगळ्यांसाठी बरोबर असेलच असं नाही.

आधी थर लावून काम भागणार आहे का, ते पाहावं. कवळी तोंडात घालून दोन्ही बाजूंच्या दाढांवर बोटं ठेवा आणि आळीपाळीनं दाबा. एक बाजू दाबली की दुसरी उचलली जात असेल, पण दात मात्र शाबूत आणि दोन्ही कवळ्यांचे दात नीट मिळत असतील, तर थर हाच उपाय. याउलट दाढांचे उंचवटे झिजून सपाट झाले असतील, तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसत असेल, ओठांचे कोपरे सतत ओले राहून चिरत असतील, तर कवळीची उंचीच गेलेली असते. ती आतल्या थरानं परत येत नाही. तिथे नवीन सेटच लागतो.

खुर्चीतल्या थरात डॉक्टर कवळीची आतली बाजू घासून खरखरीत करतात, पावडर आणि द्रव कालवून पिठासारखं झालं की आत पसरतात आणि कवळी तोंडात बसवून तुम्हाला चावून धरायला सांगतात. मिश्रण घट्ट होताना गरम होतं आणि हिरडीला झोंबतं, म्हणून रबरासारखं झालं की काढून बाकीचं बाहेर घट्ट होऊ देतात. याचा मोठा फायदा म्हणजे एकच फेरी आणि दात दिवसभरही हातचे जात नाहीत. खर्चही कमी. पहिले काही आठवडे पकड खरंच छान वाटते.

माझ्यासाठी निकाल लागला तो वासानं. कालवताना हवा अडकते आणि दाबाखाली न शिजल्यामुळे या थरात बारीक छिद्रं राहतात. डोळ्यांना ती दिसतातच असं नाही, पण थुंकी, बेसन, तेल त्यात मुरतं आणि बुरशीला घर मिळतं. काही महिन्यांनी कवळी ब्रशनं घासून, साबणानं धुऊनही तोंडात घेताना एक आंबूस वास येतो, आणि तो आपल्यालाच येतो असं नाही. खर्रा किंवा तंबाखू खाणाऱ्याच्या कवळीत तर जुन्या आणि नव्या थराच्या सांध्यावर तपकिरी रेघ लवकर उमटते. ही रेघ नखानं चाचपून पाहा. नख अडकत असेल तर थराची कड सुटायला लागली आहे. घासताना जुना पृष्ठभाग पुरेसा निघाला नाही, किंवा त्यावर साबणाचा नाहीतर थुंकीचा अंश राहिला, की तो सांधा धरत नाही. एकदा आत पाणी शिरलं की कितीही धुवा, वास परत येतो.

लॅबचा थर कवळीच्याच जातीच्या प्लास्टिकचा असतो. साच्यात दाबाखाली भरून तो गरम पाण्यात शिजवतात. 74 अंश सेल्सिअसला आठ-नऊ तास ही त्याची जुनी, मंद पद्धत. त्यामुळे तो घट्ट, गुळगुळीत होतो आणि जुन्या कवळीशी एकजीव होतो. तोटा एकच, पण खरा: दोन-तीन दिवस दात नसतात. गावात राहणाऱ्याला हा तोटा शहरापेक्षा जास्त जाचतो, कारण कवळी एसटीच्या पार्सलनं जाते आणि एक गाडी चुकली की एक दिवस वाढतो.

म्हणून बेत आधी आखावा लागतो. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावचं उदाहरण घेऊ. कवळी चार वर्षांची, दात चांगले, खालची हलते, उजव्या बाजूला हिरडी लाल. अशा सुजलेल्या हिरडीवर माप घेतलं तर थर सुजेच्या आकाराचा बनतो, आणि सूज उतरली की कवळी पुन्हा सैल. त्यामुळे डॉक्टर आधी टोचणारी जागा घासतात आणि आत मऊ, तात्पुरता थर लावून आठवडाभर जाऊ देतात. लाली गेल्यावर सोमवार ठरवायचा. शनिवार-रविवारच्या दोन्ही रात्री कवळी बाहेर ठेवायची, सोमवारी सकाळीही शक्यतो न घालता दवाखान्यात जायचं. तिथे तात्पुरता थर काढून, आतून थोडी जागा करून, कडांचा आकार घेऊन मग पातळ मापाचा मसाला घालतात. माप घेताना वरची कवळी तोंडात हवी आणि दात नेहमीच्या जागी मिटलेले हवेत. तोंड उघडं ठेवून, नुसतं बोटानं दाबून माप घेतलं तर थर एका बाजूला जाड होतो आणि चावणीच बदलते. दुपारच्या गाडीनं पार्सल अमरावतीला, रात्रभर शिजणं, मंगळवारी साफसफाई आणि परत, बुधवारी सकाळी बसवणं. हे दोन दिवस आंबील, वरण-भात, दुधात किंवा चुनात कुस्करलेली भाकर यांवर निघतात. जुना सेट घरात असेल तर तो बोलण्यापुरता घालता येतो, जेवायला नाही. बसवताना 'सासू', 'सहासष्ट' असे शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. दात एकमेकांवर टकटक वाजत असतील तर थर जाड झाला आहे. तिथेच सांगा, घरी येऊन नाही.

थर कितीही चांगला असला तरी त्यानंतर हिरडी एक-दोन ठिकाणी दुखते. दुसऱ्या दिवशी तपासणीची वेळ मागून घ्या आणि त्या दिवशी दुखत असलं तरी निदान काही तास आधी कवळी घालून जा. हिरडीवर लाल खूण असली तरच डॉक्टरांना नेमकं कुठं घासायचं ते कळतं. घरी कानशीनं किंवा ब्लेडनं घासू नका. कडेचा अर्धा मिलिमीटर जास्त गेला तरी पकड जाते, आणि गेलेली पकड घासून परत येत नाही. पहिले काही दिवस घास लहान, दोन्ही बाजूंनी चावायचे. पेरू, ऊस आणि कडक रोडगे नंतर. नवीन सेट असेल तर हेच जास्त लांबतं. तोंडाला पाणी सुटतं, जीभ अडखळते, आणि सरावायला काही आठवडे सहज लागतात. थर लावलेल्या जुन्या कवळीची जीभेला ओळख असते, ही त्याची मोठी सोय.

साफसफाईत मात्र दोन्ही थरांचा फरक रोज दिसतो. लॅबच्या थराला मऊ ब्रश, भांड्यांचा सौम्य साबण आणि थंड पाणी पुरतं. टूथपेस्ट नको, ती प्लास्टिकवर ओरखडे पाडते आणि ओरखड्यात डाग बसतो. खाली पाण्यानं भरलेली बादली किंवा ओला कपडा ठेवून धुवा. फरशीवर पडली तर मधोमध तुटते. कवळी साफ करायच्या गोळीच्या द्रावणात पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरतं ठेवून, पुन्हा घासून, भरपूर पाण्यानं धुतल्याशिवाय तोंडात घालू नका. उकळतं पाणी दोन्हींना वर्ज्य. प्लास्टिक वाकडं होतं. खुर्चीतल्या थरावर हे सगळं करूनही छिद्रांच्या आत ब्रश पोहोचत नाही.

खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण येते. तिथल्या पाण्यात कवळी रात्रभर बुडवली तर काही आठवड्यांत दातांच्या मुळाशी पांढरा खडबडीत थर धरतो. भिजवायला कॅनचं पाणी घ्या. थर धरलाच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात करून अर्धा तास ठेवा, मग ब्रश. चाकूनं खरवडू नका. तात्पुरता मऊ थर असेपर्यंत व्हिनेगर आणि ब्लीच दोन्ही टाळा, आणि ब्रशऐवजी ओल्या कापसानं पुसा.

रात्री कवळी बाहेरच हवी. 85 वर्षांवरच्या लोकांवरच्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला होता. झाकणाच्या खोल डब्यात, पूर्ण बुडेल इतक्या साध्या पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. वैशाखात उथळ वाटीतलं पाणी सकाळपर्यंत बरंच आटतं आणि कवळीचा वरचा भाग कोरडा पडतो. वारंवार सुकली की तिचा आकार थोडा थोडा बदलतो. कोरड्या रुमालात गुंडाळून उशाशी ठेवणं त्याच कारणानं वाईट, शिवाय अशा कवळ्या हरवतातही फार.

खुर्चीतला थर मी तरीही एका ठिकाणी आधी सुचवेन. घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असेल, तालुक्याला दोन-तीन फेऱ्या शक्य नसतील आणि दोन दिवस दात नसले तर खाणंच सुटत असेल, तर डॉक्टरांना घरी बोलावून तो लावून घ्या. लावताना थर तोंडात पूर्ण घट्ट होऊ देऊ नका, मधे काढून पाहायला सांगा. हिरडीच्या खाचेत अडकून घट्ट झाला तर कवळी कापूनच काढावी लागते. पुढे दर आठवड्याला बोट फिरवून सांध्याची कड तपासा, आणि वास सुरू झाला की तो काढून नवा लावायचा हे धरूनच चाला.