पाणी 100 अंशांनाच उकळतं का?

पदवीच्या पुस्तकातलं वाक्य: ‘द्रवाचा बाष्पदाब बाह्य दाबाइतका झाला की द्रव उकळतो.’ सातवीसाठी ते कसं लिहायचं?

एक पर्याय: ‘पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं.’ सुटसुटीत, पण दाबाची अटच गळली. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच. इथे पारा 98च्या आसपास थांबतो आणि मुलं बिचाऱ्या थर्मामीटरला दोष देतात.

दुसरा: ‘तापलेल्या पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात. हवेचा दाब त्यांना चिरडतो. वाफेचा दाब हवेइतका झाला की बुडबुडे टिकतात, पाणी उकळतं.’ ‘बाष्पदाब’ हा शब्द गेला, कारण मात्र राहिलं. लांबी वाढली तरी मी हाच घेईन.

मग विचारा, सिंहगडावर काय होईल? पहिला मजकूर वाचलेलं मूल 100च म्हणेल. दुसरा वाचलेलं म्हणेल, ‘तिथे हवेचा दाब कमी, म्हणजे पुण्याहूनही कमी अंशांना.’